पाणी दिलेल्या रानाचा उतारा कमी कसा? एकूण निकाल आणि गटांचे निकाल उलटे निघतात तेव्हाचे ‘चर्चा’ प्रकरण

पदव्युत्तर प्रबंधांची संख्याशास्त्रीय बाजू तपासून देण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो. एकाच जातीची अडचण या कामात पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून त्यांपैकी एक प्रकरण येथे सविस्तर मांडतो आहे. कोणाचा प्रबंध ओळखू येऊ नये आणि हिशेब कागदावर सहज करून पाहता यावा, यासाठी खालचे सगळे आकडे मी नमुन्यादाखल रचलेले आहेत. ते कोणत्याही तालुक्याच्या उत्पादनाची आकडेवारी म्हणून वाचू नयेत. घोटाळ्याचा आकार मात्र खऱ्या प्रबंधांमध्ये दिसतो तोच ठेवला आहे.

विषय मराठवाड्यातल्या सोयाबीनचा आहे. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते, आणि नेमक्या त्याच वेळी पाऊस दोन-तीन आठवडे उघडीप देतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हा खंड किती लांबू शकतो ते सगळ्यांनीच पाहिले. अशा वेळी ज्याच्याकडे विहिरीला किंवा शेततळ्यात थोडे पाणी असते, तो तुषार संच मांडून एखादे-दुसरे पाणी देतो. यालाच संरक्षित पाणी म्हणतात. आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न साधा होता: खंडाच्या काळात दिलेल्या संरक्षित पाण्याने सोयाबीनचा उतारा वाढतो का, आणि वाढत असेल तर किती?

त्याने प्रयोग केला नव्हता, सर्वेक्षण केले होते. दोनशे शेते निवडली, त्यांपैकी शंभर शेतांना खंडात पाणी मिळाले होते आणि शंभरांना मिळाले नव्हते. काढणीनंतर एकरी उतारा क्विंटलमध्ये नोंदवला. सरासरी काढली तेव्हा पाणी दिलेल्या शंभर शेतांचा उतारा एकरी ६.८ क्विंटल निघाला आणि पाणी न दिलेल्यांचा ८.१ क्विंटल. म्हणजे पाणी देऊन एकरी १.३ क्विंटल घट. विद्यार्थी शेतकऱ्याच्या घरातला असल्यामुळे हा आकडा त्याला पटला नाही, पण संगणकाने काढलेला आकडा खोडायचा कसा, हेही त्याला सुचेना. त्यामुळे चर्चेच्या पहिल्या मसुद्यात त्याने लिहून टाकले की संरक्षित पाण्यामुळे कायिक वाढ जास्त झाली असावी, मुळांजवळची हवा कमी झाली असावी आणि त्यामुळे उत्पादन घटले असावे.

हा मसुदा वाचताना मला आकड्यापेक्षा त्या ‘असावी’चीच जास्त काळजी वाटली. निकाल उलटा आला की त्याच्या समर्थनासाठी वनस्पतिशास्त्रातले एखादे कारण शोधून आणायचे आणि चर्चा भरून काढायची, ही सवय फार पसरलेली आहे. कारण सापडतेच, कारण पिकाच्या बाबतीत कोणत्याही निकालाला साजेसे कारण सापडू शकते. निकाल ८.१ च्या जागी ५.१ आला असता, तर त्याच विद्यार्थ्याने ओलावा आणि शेंगधारणेवर तितक्याच आत्मविश्वासाने परिच्छेद लिहिला असता.

उलगडा झाला तो सर्वेक्षणाच्या वहीतल्या एका नोंदीमुळे. उत्पादनाशिवाय शेतकरी आणखी काय बोलले, हे त्याने समासात लिहून ठेवले होते. त्यात एका वयस्क शेतकऱ्याचे वाक्य होते: “माळाचं रान आठ दिवसांत माना टाकतंय, तिथं संच आधी न्यावाच लागतो. काळं रान दम धरतंय, त्याला कशाला पाणी?” साऱ्या प्रकरणाची किल्ली या दोन वाक्यांत आहे. पाणी कोणत्या शेताला द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. जे शेत आधीच अडचणीत होते, त्यालाच पाणी मिळाले होते. हलक्या, मुरमाड जमिनीत ओलावा थोडा टिकतो, म्हणून तिथे पीक लवकर सुकते आणि संच तिथेच जातो. खोल काळ्या जमिनीतली चिकणमाती ओल धरून ठेवते, त्यामुळे तिथला शेतकरी आणखी आठवडाभर आभाळाकडे पाहत थांबू शकतो. मग पाणी दिलेल्या शेतांची सरासरी कमी येणार, यात नवल ते काय?

विद्यार्थ्याने शेते जमिनीनुसार दोन गटांत टाकली आणि पुढचा तक्ता तयार झाला. आकडे एकरी क्विंटलमध्ये आहेत आणि कंसात शेतांची संख्या दिली आहे.

| जमीन | पाणी दिले | पाणी दिले नाही | फरक |
|---|---|---|---|
| भारी | १०.० (२०) | ९.० (८०) | +१.० |
| हलकी | ६.० (८०) | ४.५ (२०) | +१.५ |
| सर्व मिळून | ६.८ (१००) | ८.१ (१००) | −१.३ |

भारी जमिनीत पाण्याने एक क्विंटल वाढ दिसते, हलक्या जमिनीत दीड क्विंटल वाढ दिसते, आणि दोन्ही एकत्र केल्यावर सव्वा क्विंटलहून जास्त घट दिसते. तिन्ही ओळी एकाच वहीतून आल्या आहेत आणि गणितात कुठेही चूक नाही. गटांत एका दिशेने दिसणारा संबंध गट एकत्र करताच उलटतो, याला संख्याशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये यावर लिहिले, पण त्याआधी १९०३ मध्ये उडनी यूल यांनी अशाच स्वरूपाची गोष्ट दाखवली होती. हे नाव रूढ झाले ते कॉलिन ब्लाइथ यांच्या १९७२ च्या लेखामुळे.

आता दुसरा मसुदा आला. त्यात पहिला परिच्छेद काढून टाकला होता आणि त्या जागी एवढेच होते: ‘एकूण निकाल व गटनिहाय निकाल परस्परविरुद्ध आढळले. हा सिम्पसनचा विरोधाभास असल्यामुळे गटनिहाय निकाल ग्राह्य धरले आहेत.’ या दोन वाक्यांनी परीक्षकाचे समाधान होऊ शकते, पण ती मला पहिल्या मसुद्याइतकीच अपुरी वाटली. त्यांतले पहिले वाक्य कोणी चूक म्हणणार नाही. ‘असल्यामुळे’ हा शब्द मात्र चूक आहे. विरोधाभासाचे नाव घेतल्याने गटांचा निकाल बरोबर ठरत नाही. तो काही वेळा बरोबर असतो आणि काही वेळा एकूण निकालच बरोबर असतो. तक्ता कितीही वेळ पाहिला तरी त्यातून हे ठरत नाही.

म्हणून मी त्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला सांगितल्या. उलट का झाली, कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा उत्तर देतो, आणि जमिनीनुसार गट पाडणेच योग्य का. यांतली पहिली गोष्ट निव्वळ अंकगणिताची आहे आणि ती वाचकासमोर उघडी करून ठेवली की निम्मे गूढ संपते.

पाणी दिलेल्या शंभर शेतांत वीस भारी आणि ऐंशी हलकी आहेत. त्यांची सरासरी म्हणजे १० चे वीस भाग आणि ६ चे ऐंशी भाग, म्हणजेच ६.८. पाणी न दिलेल्यांत नेमके उलटे आहे: ९ चे ऐंशी भाग आणि ४.५ चे वीस भाग, म्हणजेच ८.१. त्यामुळे वरवर आपण पाणी दिलेल्या आणि न दिलेल्या शेतांची तुलना करत असतो, पण प्रत्यक्षात बहुतांश हलक्या जमिनीची बहुतांश भारी जमिनीशी तुलना होत असते. दोन्ही बाजूंना जमिनीची वाटणी सारखी, म्हणजे निम्मी भारी आणि निम्मी हलकी केली, तर पाणी दिल्यास सरासरी ८.० येते, न दिल्यास ६.७५ येते आणि फरक +१.२५ होतो. मूळ फरक −१.३ होता. या दोहोंमधले −२.५५ हे पूर्णपणे जमिनीच्या वाटणीचे आहे. चर्चेत मी हीच फोड लिहायला सांगतो: पाण्याशी जोडलेला फरक +१.२५, वाटणीतून आलेला −२.५५, बेरीज −१.३. वाचकाला हे एकदा दिसले की ‘विरोधाभास’ हा शब्द भीतीदायक राहत नाही. दोन प्रवाह उलट दिशांनी वाहत होते आणि त्यांतला मोठा जिंकला, एवढेच घडले आहे.

ही फोड एक महत्त्वाची गोष्टही सांगून जाते. पाणी दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही शेतांत भारी जमिनीचे प्रमाण सारखे असते, तर सरासरीतला फरक गटांतल्या दोन फरकांच्या अधेमधेच राहिला असता, त्यामुळे १.० आणि १.५ यांच्या बाहेर तो जाऊच शकला नसता. प्रयोगक्षेत्रावर प्रत्येक ठोकळ्यात दोन्ही उपचार चिठ्ठ्या टाकून देतात, ते याच कारणासाठी. म्हणून सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधात असा तक्ता दिसला, तर आधी कंसातल्या संख्या पाहाव्यात. २० आणि ८० समोर ८० आणि २० दिसले की सरासरीच्या ओळीवर एकदम विश्वास टाकू नये. रिग्रेशन करणाऱ्यांना हीच खूण दुसऱ्या रूपात दिसते: समीकरणात फक्त ‘पाणी’ असताना त्याचा गुणांक −१.३ येतो आणि ‘जमीन’ आत घेताच तो +१.२५ होतो. गुणांकाचे चिन्ह असे बदलले की सॉफ्टवेअर कोणतीही सूचना देत नाही. ते आपणच पाहायचे असते.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. एकूण सरासरीचा ६.८ हा आकडा खोटा आहे असे अनेकजण लिहितात, ते मला पटत नाही. समजा लातूरच्या बाजारातला एखादा खरेदीदार सप्टेंबरमध्ये गावागावांतून फिरतो आहे आणि जमीन पाहायला त्याला वेळ नाही. एखाद्या शेतात ऑगस्टमध्ये तुषार संच चालला होता, एवढेच त्याला कळते. त्या शेतातून किती माल येईल याचा अंदाज बांधायचा असेल, तर त्याच्यासाठी ६.८ हाच योग्य आकडा आहे, आणि संच न चाललेल्या शेतासाठी ८.१. कारण संच चालला ही बातमी त्याला नकळत जमिनीबद्दलही काही सांगते. पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे शेत त्याच्यासमोर आहे, जमीन बदलणार नाही, आणि पाणी द्यावे की नाही एवढेच त्याला ठरवायचे आहे. त्याने पाणी दिले म्हणून त्याची काळी जमीन मुरमाड होणार नाही. अंदाज बांधणे आणि काही करून बघणे यांतला हा फरक चर्चेत एका वाक्यात तरी यायलाच हवा, कारण प्रबंधाचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता.

तिसऱ्या गोष्टीवर मात्र मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेक मसुदे तिथेच घसरतात. जमिनीनुसार गट पाडणे योग्य, असे आपण का म्हणतो? कारण जमिनीची खोली पाणी देण्याच्या निर्णयाच्या आधीपासून तिथे आहे. ती निर्णयावर परिणाम करते, कारण माळावर संच आधी जातो. ती उताऱ्यावरही परिणाम करते. पाण्यामुळे मात्र ती बदलत नाही. या सगळ्या गोष्टी एकत्र असल्या तर त्या घटकानुसार गट पाडून तुलना करावी लागते, नाहीतर त्याचा परिणाम पाण्याच्या नावावर जमा होतो. या वाक्यांत एकही आकडा नाही, हे मुद्दाम पाहावे. ही माहिती शेतावरून आली आहे, तक्त्यातून आलेली नाही.

हे पटवण्यासाठी मी विद्यार्थ्याच्याच माहितीतला दुसरा एक घटक पुढे केला. त्याने प्रत्येक शेतातून काही झाडे उपटून शेंगा मोजल्या होत्या आणि झाडाला सरासरी तीसपेक्षा जास्त शेंगा असलेली शेते वेगळी काढली होती. हलक्या जमिनीतल्या शंभर शेतांचे शेंगांनुसार गट पाडले तर काय होते ते पाहा. भरपूर शेंगांच्या गटात पाणी दिलेली ७० शेते आहेत आणि त्यांचा उतारा ६.४ आहे. याच गटात पाणी न दिलेली फक्त ५ शेते आहेत आणि त्यांचा उतारा ६.६ आहे. कमी शेंगांच्या गटात पाणी दिलेली १० शेते आहेत, उतारा ३.२. पाणी न दिलेली १५ आहेत, उतारा ३.८. म्हणजे दोन्ही गटांत पाणी न दिलेली शेतेच सरस. आणि याच शंभर शेतांची एकत्र सरासरी घेतली तर पाणी दिलेली ६.० आणि न दिलेली ४.५, म्हणजे पाणी सरस.

तक्त्याचा आकार अगदी तोच आहे. गटांत एक दिशा, एकत्र केल्यावर उलट दिशा. ‘सिम्पसनचा विरोधाभास असल्यामुळे गटनिहाय निकाल ग्राह्य’ हा दुसऱ्या मसुद्यातला नियम इथे लावला, तर हलक्या जमिनीवर पाणी देऊ नये असा निष्कर्ष निघतो. विद्यार्थी गप्प झाला. मग म्हणाला, “सर, पण शेंगा तर पाण्यामुळेच धरल्यात ना?” बरोबर. शेंगांची संख्या पाणी दिल्यानंतर ठरली आहे. पाण्याचा बराचसा फायदा शेंगा टिकण्यातूनच उताऱ्यापर्यंत पोचतो. शेंगा सारख्या असलेल्या शेतांचीच तुलना करणे म्हणजे पाण्याने जे केले तेच आधी काढून घेणे आणि मग पाण्याने काय केले असे विचारणे.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. हलक्या जमिनीवर, खंडात, पाण्याशिवाय ज्या पाच शेतांनी तीसपेक्षा जास्त शेंगा धरल्या, ती साधी शेते नसणार. एखाद्याच्या बांधाला ओढा असेल, एखाद्या शेतावर एक सर जास्त पडली असेल, एखाद्याने शेणखत भरपूर घातले असेल. उलट, पाणी मिळूनही ज्या दहा शेतांत शेंगा कमी राहिल्या, तिथे दुसरे काही बिघडले असणार, तण माजले असेल किंवा पिवळा मोझॅक आला असेल. शेंगांनुसार गट पाडताच आपण नकळत पाण्याशिवायची नशीबवान शेते आणि पाणी मिळूनही पडलेली शेते शेजारी बसवतो. दोन्ही गटांत पाणी हरते ते यामुळे. इथे एकूण सरासरीच, म्हणजे हलक्या जमिनीच्या आतली ६.० विरुद्ध ४.५ ही तुलनाच धरायला हवी.

डेनिस लिंडली आणि मेल्विन नोविक यांनी १९८१ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवली होती. त्यांनी एकच आकडे दोनदा वापरले. एकदा ते रुग्ण, उपचार आणि स्त्री-पुरुष असे भेद म्हणून, आणि दुसऱ्यांदा पिकाचे दोन वाण, उंच-बुटकी झाडे आणि उत्पादन म्हणून. पहिल्या वेळी गटनिहाय निकाल धरावा लागतो, कारण उपचाराने कोणाचे लिंग बदलत नाही. दुसऱ्या वेळी एकूण निकाल धरावा लागतो, कारण झाडाची उंची वाणामुळेच ठरते. शेतीच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण फार जवळचे वाटते, आणि ते पाठ्यपुस्तकांत जितके यायला हवे तितके येत नाही, अशी माझी तक्रार आहे.

वैद्यकातले नेहमी दिले जाणारे उदाहरण १९८६ मधले मूतखड्याचे. तिथे उघड्या शस्त्रक्रियेने ३५० पैकी २७३ रुग्ण बरे झाले, म्हणजे ७८ टक्के, आणि त्वचेतून लहान छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीने ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. पण लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ विरुद्ध ८७ टक्क्यांनी पुढे होती आणि मोठ्या खड्यांत ७३ विरुद्ध ६९ टक्क्यांनी. कारण आपल्या माळरानासारखेच: मोठा खडा असलेले अवघड रुग्ण बहुतांश उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते. खड्याचा आकार शस्त्रक्रियेच्या आधी ठरलेला असतो, म्हणून तिथे गटांचे ऐकायचे. विद्यार्थ्याने हे उदाहरण चर्चेत घालू का असे विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. स्वतःच्या शेतांचे कारण स्पष्ट लिहिता येत असेल तर दुसऱ्याचे उदाहरण जागा अडवते.

तिसऱ्या मसुद्याला लागण्याआधी मी त्याला एक अडचणीचा प्रश्न विचारला: “जमीन हलकी की भारी, हे तू कसं ठरवलंस?” हा प्रश्न कधीच सोडू नये. पहिल्या काही गावांत त्याने काढणीनंतर शेतकऱ्यालाच विचारले होते. आता जरा विचार करा. ज्या मध्यम जमिनीवर पीक गेले, तिचा मालक “हलकंच रान आहे ते” असे म्हणतो आणि तशाच जमिनीवर चांगले पीक आले असेल तर “भारी आहे” म्हणतो. तसे झाले की जमिनीचा गट उताऱ्यावरूनच ठरतो, आणि आधीचा वाटणारा घटक गुपचूप नंतरचा होऊन बसतो. शेंगांच्या तक्त्यातले दुखणे मागच्या दाराने परत येते. सुदैवाने बाकीच्या गावांत त्याने शेताच्या मध्यभागी खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते मोजले होते. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर हलकी, नाहीतर भारी. मी त्याला पहिल्या गावांत परत पाठवले. डिसेंबरात कुदळ घेऊन जाणे त्याच्या जिवावर आले होते, पण गेला. काही शेतांचे गट बदलले. वर दिलेला तक्ता त्या दुरुस्तीनंतरचा आहे असे समजावे.

अनिश्चिततेबद्दल दोन गोष्टी चर्चेत यायला हव्या होत्या. गटाच्या आत उताऱ्याचे प्रमाण विचलन दीड क्विंटलच्या आसपास धरले, तर प्रत्येक गटातल्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.३७५ येते, कारण दोन्हीकडे एका बाजूला ८० आणि दुसऱ्या बाजूला फक्त २० शेते आहेत. मग भारी जमिनीतली वाढ साधारण पाव ते पावणेदोन क्विंटल आणि हलक्या जमिनीतली पाऊण ते सव्वादोन क्विंटल यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. दोन्ही मर्यादा शून्याच्या वर आहेत, म्हणून दिशेबद्दल खात्रीने लिहिता येते. पण ‘हलक्या जमिनीत पाण्याचा फायदा भारी जमिनीपेक्षा जास्त होतो’ हे त्याचे आवडते वाक्य मी खोडले. १.५ आणि १.० यांतला अर्ध्या क्विंटलचा फरक त्याच्या स्वतःच्या त्रुटीपेक्षा, म्हणजे ०.५३ पेक्षाही कमी आहे. ते वाक्य खरे असेलही, शेतकऱ्यांना ते पटेलही, पण या दोनशे शेतांवरून ते म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. जमीन हिशेबात घेतली म्हणून सगळे आधीचे घटक हिशेबात आले असे होत नाही. ज्याच्याकडे विहीर, मोटर आणि तुषार संच आहे, तो शेतकरी बहुधा बियाणे, खत आणि फवारणीवरही जास्त खर्च करू शकतो. जमिनीने पाण्याचा परिणाम खाली ओढला होता, ही ऐपत मात्र तो वर ढकलत असेल. मग +१.२५ पैकी काही भाग पाण्याचा नसून हात मोकळा असण्याचा असेल. विद्यार्थ्याकडे खताच्या मात्रेची नोंद होती, ती रिग्रेशनमध्ये घेता आली. फवारणीची नव्हती. तेव्हा चर्चेत त्याने दिशा लिहिली: राहून गेलेल्या या घटकामुळे पाण्याचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असण्याची शक्यता आहे. मर्यादांच्या परिच्छेदात ‘काही घटक विचारात घेता आले नाहीत’ असे गुळमुळीत वाक्य लिहिण्यापेक्षा, राहिलेला घटक कोणता आणि तो आकड्याला कोणत्या बाजूला ओढतो, एवढे लिहिले तरी परीक्षकाच्या हाती काहीतरी लागते.

शेवटी चर्चेतला मुख्य परिच्छेद असा उतरला. मराठीत त्याचा आशय देतो, कारण मूळ प्रबंध इंग्रजीत होता:

‘सर्व शेते एकत्र घेतली असता संरक्षित पाणी दिलेल्या शेतांचा उतारा एकरी १.३ क्विंटलने कमी आढळला. तथापि, खंडाच्या काळात पाणी प्राधान्याने हलक्या जमिनीस देण्यात आले होते. पाणी दिलेल्या शेतांपैकी ८० टक्के शेते हलक्या जमिनीची होती, तर पाणी न दिलेल्यांपैकी केवळ २० टक्के. जमिनीची खोली पाणी देण्याच्या निर्णयापूर्वीच निश्चित असून ती निर्णयावर व उताऱ्यावर परिणाम करते, म्हणून पाण्याचा परिणाम खोलीच्या गटांत तपासला. दोन्ही गटांत पाणी दिलेल्या शेतांचा उतारा जास्त होता. दोन्ही प्रकारच्या जमिनींना समान भार दिल्यास हा फरक एकरी १.२५ क्विंटल येतो. एकूण सरासरीत दिसणारी घट ही जमिनीच्या असमान वाटणीतून आलेली आहे. शेंगांची संख्या पाण्याच्या परिणामाचाच एक टप्पा असल्यामुळे तिच्यानुसार गट पाडलेले नाहीत.’

‘समान भार’ या शब्दांवर मार्गदर्शकांनी हरकत घेतली आणि ती योग्य होती. नमुन्यात योगायोगाने शंभर भारी आणि शंभर हलकी शेते आली होती. तालुक्यात हे प्रमाण तसेच असेल असे नाही. तिथली सत्तर टक्के जमीन हलकी असेल, तर सरासरी वाढ १.२५ ऐवजी १.३५ क्विंटल धरावी लागेल. इथे गटांतले दोन फरक एकमेकांच्या जवळ असल्याने फार बिघडत नाही, पण भार कोणता वापरला ते लिहिल्याशिवाय असा एकच आकडा देऊ नये. त्याने दोन्ही गटांचे आकडे मुख्य परिच्छेदात टाकले आणि एकत्रित आकडा त्यांच्या मागे ठेवला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्याची शेवटची ओळ दाखवून विचारले की ही ओळ निकालच बिघडवते, मग ठेवली कशाला, काढून का टाकली नाही. विद्यार्थी म्हणाला, “सर, ती ओळ काढली असती तर पुढच्या वर्षी कुणीतरी याच वहीवरून तीच सरासरी काढली असती.” परीक्षकांनी पान उलटले आणि खड्डे कुठे घेतले होते, ते विचारायला सुरुवात केली.